एकोणपन्नास रुपयांच्या ओळी

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मृणालने मे २०२५चं बँक स्टेटमेंट एक्सेलमध्ये उघडून फॅन्टसी अ‍ॅपच्या नावाने फिल्टर लावला. ४९ रुपयांच्या ६२ ओळी! गेले ३,०३८, परत आले १,१४०. आठवत होती ती फक्त ६०० रुपये जिंकल्याची रात्र. संघ निवडण्यात ती कच्ची नव्हती. गणितच तिरकं होतं. दहा जणांचे ४९० जमले, की बक्षिसांत ४०० वाटायचे आणि उरलेले कंपनीचे. म्हणजे सरासरी माणूस दर डावाला नऊ रुपये हरणारच. शिवाय अ‍ॅपच्या वॉलेटमधले जिंकलेले पैसे ती तिथेच पुन्हा लावायची. त्यामुळे १,८९८चा तोटा खरा, पण डाव बासष्टहून कितीतरी जास्त. ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला.