भावांची भागीदारी मोडताना

हार्डवेअरच्या दुकानाला कुलूप लागलं, म्हणून दोन भावांची भागीदारी संपत नाही. भागीदारीपत्रात मुदत किंवा शेवटाची अट नसेल, तर 1932च्या भागीदारी कायद्यानुसार ती इच्छाधीन भागीदारी ठरते. कोणाही एका भागीदाराने बाकी सगळ्यांना लेखी नोटीस दिली की ती मोडते. नोटिशीत तारीख लिहिली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर नोटीस समोरच्याला मिळाल्यापासून. म्हणून तारीख घालावी आणि पोच जपावी. जेवणाच्या ताटावर ‘आता पुरे’ म्हटलं, तर ती नोटीस होत नाही.

त्यानंतर हिशोब. इथेच घरं फाटतात.

समजा, नफ्यात दोघांचा वाटा निम्मा-निम्मा आहे. थोरल्याचं भांडवल 8 लाख, धाकट्याचं 4 लाख. अडचणीच्या काळात थोरल्याने दुकानाला आणखी 3 लाख उसने दिले. माल विकून आणि उधारी वसूल करून हाती 20 लाख आले. ‘दोघांचं दुकान’ म्हणून बाहेरची देणी फेडून उरलेले अर्धे-अर्धे वाटायचा मोह होतो, पण कायद्याचा क्रम वेगळा आहे. करारात काही वेगळं ठरलेलं नसेल, तर आधी व्यापारी आणि बँक यांचे 8 लाख जातात. मग थोरल्याचे उसने 3 लाख. उरले 9 लाख, आणि भांडवल तर 12 लाखांचं. ही 3 लाखांची तूट म्हणजे तोटा, आणि तो नफ्याच्याच प्रमाणात सोसायचा असतो. प्रत्येकाचे दीड लाख वजा केले की थोरल्याला भांडवलापोटी साडेसहा लाख आणि धाकट्याला अडीच लाख मिळतात. उसन्यांसह थोरल्याचे साडेनऊ लाख होतात. सरळ अर्धे केले असते, तर त्याला सहाच मिळाले असते. भांडवल आणि उसने पैसे वहीत वेगवेगळ्या खात्यांवर लिहिलेले नसतील, तर हा हिशोब मांडताच येत नाही.

दुसरी नोटीस बाहेरच्या जगासाठी असते आणि बहुतेक जण तीच विसरतात. भागीदारी मोडल्यावर धाकट्याने जुन्याच बिलबुकावर सिमेंट उधार उचललं, तर व्यापारी थोरल्याकडेही पैसे मागू शकतो, कारण जाहीर नोटीस निघेपर्यंत एकमेकांच्या कृत्यांची जबाबदारी सुटत नाही. त्यासाठी नोंदणीकृत फर्मच्या बाबतीत निबंधकाला कळवावं लागतं, शासकीय राजपत्रात आणि दुकान असलेल्या जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका स्थानिक भाषेतल्या वृत्तपत्रात नोटीस छापावी लागते. नेहमीच्या व्यापाऱ्यांना आणि बँकेला वेगळं पत्र देणंही शहाणपणाचं, कारण राजपत्र कोणी रोज चाळत नाही.

भागीदारीची नोंदणी नव्हती, तरी हिशोब मागण्याचा हक्क राहतो. महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून तो आवळला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. मात्र हिशोबाचा दावा भागीदारी मोडल्यापासून तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. नात्याचा संकोच धरून थांबलेल्या भावाची मुदतही तेवढीच.