एका दवाखान्याची नोकरभरती

मनुष्यबळ व्यवस्थापन शिकवताना भरती, मूल्यमापन आणि प्रशिक्षण या विषयांच्या स्लाइड्स वेगवेगळ्या दाखवल्या जातात. प्रत्येकीवर चार-सहा मुद्दे आणि एखादी आकृती असते. प्रत्यक्षात या तिन्ही गोष्टी एकाच प्रश्नातून निघतात: या जागेवरच्या माणसाने नेमके काय करायचे आहे? त्याचे लेखी उत्तर म्हणजे कामाचे वर्णन. ते नीट लिहिलेले असेल तर जाहिरात, मुलाखत, सहामाही आढावा आणि शिकवणी हे सगळे त्याच कागदावरून काढता येते. मोठ्या कंपनीत हे धागे वेगवेगळ्या विभागांत विखुरलेले असतात. लहान दवाखान्यात ते एकाच टेबलाभोवती दिसतात.

उदाहरणादाखल तालुक्याच्या गावातला बालरोगतज्ज्ञाचा दवाखाना घेऊ. एक डॉक्टर, एक सिस्टर, झाडलोट करणाऱ्या एक मावशी आणि रिसेप्शनिस्ट. रिसेप्शनिस्टने नोकरी सोडली आहे आणि नवीन माणूस हवा आहे. नेहमीची पद्धत म्हणजे शेजारच्या मेडिकलवाल्याला सांगून ठेवायचे, ओळखीतून कुणी आले की दहा मिनिटे बोलायचे आणि ‘उद्यापासून या’ म्हणायचे. माणूस शोधण्यासाठी ओळखीचा मार्ग वाईट नाही. मात्र त्यातून येणारे उमेदवार एकाच वर्तुळातले असतात, म्हणून दारावरची सूचना आणि गावातले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप यांची जोड द्यावी. चूक बहुधा शोधण्यात होत नाही, निवडण्यात होते.

निवडीआधी कार्यविश्लेषण करायचे असते. ‘नम्र, हुशार, मेहनती व्यक्ती हवी’ असे लिहून ते साधत नाही, कारण ते वाक्य कोणत्याही नोकरीला लागू पडते. जुन्या रिसेप्शनिस्टच्या शेवटच्या आठवड्यात तिचे काम पाहावे आणि डॉक्टर व सिस्टर दोघांना एकच प्रश्न विचारावा: गेल्या काही महिन्यांत या टेबलावरच्या कोणत्या प्रसंगी काम फार चांगले झाले किंवा फार बिघडले? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली. तिची मुळे दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या अभ्यासात होती. अशा विचारण्यातून गुणांची यादी मिळत नाही, प्रसंग मिळतात. या दवाखान्यात ते असे निघतात: सुस्तावलेले बाळ घेऊन एक आई आपला नंबर येईपर्यंत बाकावर बसून राहिली. एकाच नावाच्या दोन मुलांचे केसपेपर बदलले. संध्याकाळी रोख आणि यूपीआयचा हिशेब जुळला नाही. ‘डॉक्टर कधी येणार’ या फोनवर चुकीची वेळ सांगितली गेली.

या चार प्रसंगांतून चार कामे ठरतात आणि त्यांचे वजनही ठरते. तातडीचा रुग्ण ओळखून पुढे पाठवणे आणि योग्य केसपेपर काढणे यांना प्रत्येकी ३, पैशांचा हिशेब आणि फोन यांना प्रत्येकी २. काय करायचे नाही, हेही वर्णनात लिहावे लागते. गर्दीच्या वेळी रिसेप्शनिस्टच्या हाती इंजेक्शन देणे किंवा तिने फोनवर औषधाचा डोस सांगणे हे लहान दवाखान्यांत सहज घडते आणि ते धोक्याचे आहे. परिचर्येचे काम नोंदणीकृत परिचारिकेचे आहे. सिस्टरची जागा भरताना महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी पाहणे ही पहिली पायरी असते, मुलाखत नंतर.

आता निवड. मुलाखतीला दोन उमेदवार पोहोचतात. पहिलीला मोठ्या हॉस्पिटलमधला सहा वर्षांचा अनुभव आहे आणि ती छान बोलते. दुसरी दोन वर्षे कापडाच्या दुकानात गल्ल्यावर होती आणि कमी बोलते. दहा मिनिटांच्या गप्पांत पहिली निवडली जाईल यात शंका नाही. मात्र अनुभवाची वर्षे कामाचा दर्जा फारशी सांगत नाहीत. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणे आणि ठरावीक प्रश्नांची मुलाखत यांच्यापुढे अनुभवाची वर्षे फार मागे पडली. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हे आकडे नव्याने तपासून बरेच खाली आणले, तरी ठरावीक प्रश्नांची मुलाखत अव्वल राहिली. कारण समजण्यासारखे आहे. मोठ्या हॉस्पिटलात बिलाची खिडकी वेगळी, फोन वेगळा, फायलींचा विभाग वेगळा. तिथली सहा वर्षे कदाचित एकाच तुकड्याची असतील.

म्हणून दोघींना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारायचे आणि तेच काम करून घ्यायचे. वीस जुने केसपेपर नावे बदलून टेबलावर ठेवावेत. त्यांत एकाच नावाची दोन मुले असावीत, आणि ‘आरव पाटीलचा पेपर काढा’ एवढेच सांगावे. जन्मतारीख किंवा मोबाइल नंबर विचारते ती उमेदवार योग्य. पहिली दिसेल तो पेपर देते, दुसरी विचारते, ‘कुठला आरव?’ पुढचा प्रश्न: तेविसाव्या नंबरची आई म्हणते, बाळ सकाळपासून दूध ओढत नाही आणि सारखे झोपतेय. आत सातवा नंबर चालू आहे आणि बाकीचे पालक कुरकुर करताहेत. काय कराल? पहिली सांगते, नंबर मोडला तर भांडणे होतात. दुसरी म्हणते, उठून डॉक्टरांना आत सांगेन, मग लोकांना समजावेन. शेवटी पंधरा पावत्यांची बेरीज आणि एक लटका फोन.

प्रत्येक कामाला ५ पैकी गुण. पहिलीला अनुक्रमे २, २, ४ आणि ५. वजनाने गुणल्यावर ६, ६, ८ आणि १०, म्हणजे ५० पैकी ३०. दुसरीला ४, ४, ५ आणि ३, म्हणजे १२, १२, १० आणि ६, एकूण ४०. गुण मुलाखतीच्या वेळीच लिहावे लागतात. दोघी गेल्यावर आठवून दिले तर आवडलेल्या उमेदवाराची उत्तरे आपोआप चांगली आठवू लागतात. दुसरीला फोनवर कमी गुण पडले, पण फोनवर बोलण्याची पद्धत आठवड्यात शिकवता येते. जे लवकर शिकवता येते त्याला निवडीत कमी वजन द्यावे आणि जे स्वभावात रुजलेले आहे त्याला जास्त. हा हिशेब न केल्याने अनेक दवाखाने फर्डे बोलणारी माणसे घेतात आणि केसपेपर शोधत बसतात.

नेमणुकीच्या पत्रात वेळ, पगार, सुट्टी, तीन महिन्यांचा परीक्षाकाळ आणि कामाचे वर्णन जोडलेले असावे. यावर जास्त काही सांगण्यासारखे नाही, एवढेच की पत्र खरोखर द्यावे.

तीन महिन्यांनी मूल्यमापन येते, आणि इथे निवडीपेक्षा जास्त चुका होतात. नेहमीच्या फॉर्मवर वक्तशीरपणा, वागणूक, कामाचा दर्जा असे शब्द आणि पुढे १ ते ५ आकडे असतात. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांचे गुण विचित्र म्हणावेत इतके एकमेकांशी जुळत होते. एखाद्याबद्दलचे एकूण मत प्रत्येक रकान्यात झिरपत होते. दवाखान्यात हेच घडते: रिसेप्शनिस्ट हसतमुख असली की तिचा हिशेबही चांगला वाटतो. दुसरी चूक ताज्या आठवणीची. आढाव्याच्या आदल्या दिवशी झालेला घोटाळा तीन महिन्यांच्या कामावर सावली टाकतो.

दोन्हींवर उपाय म्हणजे तारीखवार वही. आठवड्यातून एकदा दोन-तीन ओळी, चांगल्या आणि वाईट दोन्ही प्रसंगांच्या. मग गुणांच्या आकड्याला वागणुकीचे वर्णन जोडायचे. पॅट्रिशिया स्मिथ आणि लॉर्न केंडल यांनी १९६३ मध्ये ही पद्धत मांडली, तीही परिचारिकांच्या कामाचे मूल्यमापन करताना. ‘तातडीचा रुग्ण’ या कामाचा ५ गुणांचा अर्थ असा: बाळाकडे पाहून, स्वतःहून दोन प्रश्न विचारून डॉक्टरांना लगेच कळवते. ३ म्हणजे पालकांनी सांगितले तर कळवते. १ म्हणजे सांगितल्यावरही नंबरची वाट पाहायला लावते. आता डॉक्टर आणि सिस्टर यांनी वेगवेगळे दिलेले गुण बहुधा जवळपास येतील. फार दूर गेले तर वर्णन धूसर आहे किंवा दोघांनी वेगवेगळे प्रसंग पाहिले आहेत. पगारवाढीची चर्चा त्याच बैठकीत करू नये. पैशाचा विषय निघाला की चुकांबद्दल मोकळेपणाने कोणी बोलत नाही.

समजा आढाव्यात दोन उणिवा दिसल्या. केसपेपर अजून बदलतात, आणि तातडीच्या रुग्णाबाबत ती ३ वर आहे. दोन्हींवर ‘प्रशिक्षण द्या’ असा शेरा मारणे सोपे आहे, पण आधी पाहायचे की तिला काम येत नाही, की येत असूनही होत नाही. केसपेपर नावाने लावलेले आहेत आणि गावात सारखी नावे भरपूर. ती मुलाखतीत जन्मतारीख विचारत होती, पण सायंकाळच्या गर्दीत पन्नास पेपर चाळायला वेळ नाही. इथे शिकवून काही होणार नाही. पेपरला क्रमांक द्यावा, मोबाइल नंबरवरून तो शोधता यावा, एवढी व्यवस्था बदलली की चूक कमी होते.

तातडीचा रुग्ण ओळखणे मात्र खरोखर शिकवण्याचे आहे. दोन महिन्यांवरील बाळांसाठीची धोक्याची चार ठळक लक्षणे तिला यायला हवीत: दूध किंवा पाणी न पिणे, सगळे उलटून टाकणे, झटके येणे, आणि बाळ सुस्त किंवा बेशुद्ध असणे. यातले एकही दिसले की डॉक्टरांना सांगायचे, आणि त्याहून लहान बाळ आजारी म्हणून आणले तर लक्षणे न मोजता सांगायचे. निदान तिने करायचे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांसाठी बनवलेली चार पायऱ्यांची शिकवणी इथे पुरते. आधी तिला काय येते ते विचारा. मग सिस्टरने ओपीडीत दोन-तीन बाळांच्या बाबतीत काय पाहिले ते मोठ्याने बोलून दाखवा. मग तिला करायला लावा आणि का ते तिच्याकडून वदवून घ्या. शेवटी एकटीला करू द्या, पण सुरुवातीचे काही दिवस रोज पाहा. दोन तासांच्या व्याख्यानात तिसरी पायरी गळते, आणि शिकणे तिथेच होते.

शिकवणीचा उपयोग झाला का, हे पाहण्याच्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांच्या चार पातळ्या जवळपास प्रत्येक स्लाइडवर असतात. तिला शिकवणी आवडली का, लक्षणे सांगता येतात का, टेबलावर ती तसे वागते का, आणि रुग्णांना फायदा झाला का. लहान दवाखान्यात तिसरी पातळी सर्वांत उपयोगाची, कारण ती वहीत दिसते. चौथी सिद्ध करणे अवघड. असे बाळ महिन्यात एखादेच येत असेल, तर एका महिन्याच्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.

वर्षभराने दवाखाना गुरुवारी लसीकरण सुरू करतो, आणि कागदावर पाचवी ओळ येते: फ्रिजचे तापमान सकाळ-संध्याकाळ नोंदवणे, ते २ ते ८ अंश सेल्सिअसबाहेर गेले तर लगेच सांगणे. हिपॅटायटिस बी सारखी लस गोठली की निकामी होते, म्हणून कमी तापमानही तितकेच गंभीर. या ओळीसाठी नवी भरती होणार नाही. ती आधी शिकवावी लागेल, मग पुढच्या आढाव्यात तिचे १, ३ आणि ५ काय ते लिहावे लागेल, आणि पुढच्या वेळी जागा रिकामी झाली तर थर्मामीटर वाचून दाखवणे निवडीच्या कामांत घालावे लागेल.