सेकंदाला पन्नास क्षण

आमच्या मंडळाच्या 1993 सालच्या खो-खो सामन्याची व्हीएचएस कॅसेट आम्ही एका दुकानातून संगणकावर उतरवून घेतली. तासाभराचा सामना दीड जीबीच्या एमपी4 फाइलमध्ये मिळाला. टीव्हीवर तो छान दिसला. मग खेळाडूंच्या सांध्यांचा माग काढणारा प्रोग्रॅम त्यावर चालवला, आणि नेमक्या महत्त्वाच्या जागी तो चाचपडू लागला. आक्रमकाने हात लांबवला की मनगट सापडेना. गडी बाद होता की नाही, हेच तर आम्हाला पाहायचं होतं.

चूक कॅसेटची नव्हती, उतरवण्याच्या पद्धतीची होती. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला 25 चित्रं असतात, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत टिपलेलं असतं: आधी एकाआड एक ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या ओळी. यालाच इंटरलेसिंग म्हणतात. म्हणजे टेपवर सेकंदाला 50 वेगवेगळे क्षण आहेत. सेकंदाला सहा मीटर धावणारा खेळाडू दोन क्षणांमध्ये 12 सेंटिमीटर पुढे जातो. दुकानदाराने चित्र ‘स्वच्छ’ दिसावं म्हणून ओळी एकत्र करून सेकंदाला 25 चित्रं ठेवली. आता दोन चित्रांमधलं अंतर 24 सेंटिमीटर झालं, आणि हात पाठीला लागला तो क्षण कदाचित त्या मधल्या जागेतच गेला.

दुसरं नुकसान कोडेकने केलं. कोडेक म्हणजे चित्र आवळण्याची रीत. एमपी4 मध्ये बहुधा असणारा एच.264 चित्राचे छोटे चौकोन पाडतो, आधीच्या चित्रातलं जमेल तेवढं उचलतो आणि डोळ्याला जाणवणार नाही असा बारकावा टाकून देतो. स्थिर मैदान त्यात उत्तम राहतं. झपाट्याने सरकणारा हात मात्र पुसट होतो. शिवाय रंगाची माहिती आडवी आणि उभी, दोन्हीकडून निम्मी होते. इंटरलेस्ड चित्रात त्यामुळे दोन क्षणांचे रंग सरमिसळ होऊ शकतात.

म्हणून दुसऱ्यांदा आम्ही काहीही न आवळता, रंगाच्या उभ्या ओळी पूर्ण ठेवणाऱ्या 10 बिट 4:2:2 मध्ये टेप उतरवली. तासाला सुमारे 100 जीबी झाले. मग ती फाइल एफएफव्ही1 या कोडेकमध्ये घातली. हा एकही ठिपका न बदलता आवळतो, आणि आकार निम्म्याच्या आसपास येतो. त्याचं तपशीलवार वर्णन 2021 पासून आरएफसी 9043 म्हणून सर्वांना खुलं आहे, त्यामुळे उद्या एखादी कंपनी बंद पडली तरी फाइल उघडता येईल.

```
ffmpeg -i match.mov -c:v ffv1 -level 3 -g 1 -slices 16 -slicecrc 1 -c:a copy match.mkv
```

`-g 1` मुळे प्रत्येक चित्र स्वतंत्र राहतं. `-slicecrc 1` चित्राच्या प्रत्येक तुकड्याला पडताळणीचा आकडा जोडतं, त्यामुळे वर्षांनी डिस्क बिघडली तर नेमका कुठला तुकडा खराब झाला ते कळतं. काही हरवलं नाही याची खात्री अशी करा:

```
ffmpeg -i match.mov -map 0:v -f md5 -
ffmpeg -i match.mkv -map 0:v -f md5 -
```

दोन्ही आकडे तंतोतंत जुळले, तरच मूळ फाइल पुसा.

कंटेनर म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र ठेवणारा डबा. आम्ही मत्रोस्का, म्हणजे .mkv, निवडला. ओळींचा कुठला हप्ता आधी आला आणि ठिपक्याचा आकार काय, हे तो चित्रासोबत नोंदवून ठेवतो. ही नोंद फार कामाची आहे. पालचे 720 बाय 576 ठिपके चौकोनी नसतात, थोडे रुंद असतात. प्रोग्रॅमने ते चौकोनी धरले, तर मैदानावरचं आडवं अंतर सहा टक्क्यांहून अधिक कमी मोजलं जातं.

ओळी वेगळ्या करणं हे साठवणीचं काम नाही. ते विश्लेषणाच्या वेळी, तात्पुरत्या प्रतीवर करा. Ffmpeg मधला `bwdif` सेकंदाची 50 चित्रं काढून देतो. संग्रहातल्या फाइलमध्ये हलणाऱ्या पायाच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसले, तर घाबरू नका. ते दात म्हणजेच दोन्ही क्षण शाबूत असल्याची खूण.

मोबाइल किंवा सीसीटीव्हीच्या चित्रणाला हा उपाय लागू नाही. ते कॅमेऱ्यातच आवळलेलं असतं. एफएफव्ही1 मध्ये घातल्याने गेलेला बारकावा परत येत नाही, फक्त फाइल फुगते. तिथे मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा. डबा बदलायचाच असेल, तर `-c copy` वापरा, म्हणजे चित्राला हात लागत नाही. आणि व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत संग्रहात घेऊ नका, कारण ती पुन्हा आवळली जाते.

घरी, शाळेत किंवा मंडळात जुनी कॅसेट असेल, तर दुकानात देण्याआधी एवढंच विचारा: इंटरलेस्ड, 4:2:2, न आवळलेली फाइल द्याल का? नाही म्हणाले, तर कॅसेट घेऊन दुसरीकडे जा.