'विमोवे' म्हणजे काय?
सॉलोमन लिंडा यांचं १९३९ मध्ये जोहान्सबर्गला मुद्रित झालेलं गाणं अमेरिकी गायक पीट सीगर यांनी तबकडीवर ऐकलं आणि कोरसमधला शब्द कानाला लागला तसा लिहिला: 'विमोवे'. हा शब्द कोशात शोधणं व्यर्थच. माग लागतो तो गाण्याच्या नावावरून: 'म्बुबे', झुलू भाषेत सिंह. झुलूत उपसर्ग नामाला चिकटतात. 'उ' म्हणजे तू, 'यि' म्हणजे आहेस. जोडून 'उयिम्बुबे', तू सिंह आहेस. भरभर म्हटलं की 'उयि'चा 'वि' होतो. 'म्बुबे'तला 'ब' कोरसच्या गलक्यात विरला की 'मोवे' उरतं. १९६१ च्या 'द लायन स्लीप्स टुनाइट'मध्ये इंग्रजी सिंह आणि हा चुकीचा ऐकलेला झुलू सिंह एकत्रच नांदतात.