नव्या कन्सोलसाठी कधी थांबावे?

दिवाळीच्या सवलती सुरू झाल्या की गेमिंग कन्सोल घेणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो : "थांब, नवीन मॉडेल येतंय." सल्ला देणारा बहुधा कोणते मॉडेल येतेय हे सांगत नाही, आणि खरा प्रश्न तोच असतो. येणारी वस्तू नवी पिढी असेल, जुन्याच पिढीचे सडपातळ रूप असेल किंवा त्याच पिढीचे जास्त ताकदीचे रूप असेल. तिन्हींसाठी थांबण्याचा हिशेब वेगवेगळा आहे. सोनीच्या प्लेस्टेशनचे उदाहरण घेतले की तो नीट उलगडतो.

गैरसमज : दर दोन-तीन वर्षांनी नवी पिढी येते.

वस्तुस्थिती : प्लेस्टेशन ३ हा नोव्हेंबर २००६ मध्ये आला, प्लेस्टेशन ४ हा नोव्हेंबर २०१३ मध्ये आणि प्लेस्टेशन ५ हा नोव्हेंबर २०२० मध्ये; भारतात तो फेब्रुवारी २०२१ मध्ये विक्रीला आला. म्हणजे दोन पिढ्यांत सात-सात वर्षांचे अंतर आहे. मधल्या काळात जे येते ते त्याच पिढीतले असते. प्लेस्टेशन ४ चे स्लिम आणि प्रो ही दोन्ही मॉडेल २०१६ मध्ये आली. प्लेस्टेशन ५ चे स्लिम रूप २०२३ च्या शेवटी आणि प्रो नोव्हेंबर २०२४ मध्ये आले.

पिढी बदलते तेव्हा फक्त चित्र सुधारत नाही, गेम बनवण्याचा पायाच बदलतो. प्लेस्टेशन ४ मध्ये फिरती हार्ड डिस्क होती. ती सेकंदाला जास्तीत जास्त शंभरेक मेगाबाइट माहिती वाचू शकत असे. प्लेस्टेशन ५ मधली एसएसडी सेकंदाला साडेपाच गिगाबाइट वाचते. त्यामुळे नवे जग डोळ्यांसमोर क्षणात उभे करणारे गेम लिहिता आले आणि तसे गेम जुन्या मशीनवर आणणे अवघड झाले. पिढीतल्या पिढीत असे होत नाही. प्रोसाठी काढलेला गेम साध्या मॉडेलवरही चालतो.

गैरसमज : स्लिम म्हणजे जास्त वेगवान.

वस्तुस्थिती : स्लिममध्ये गेम आधीच्या मॉडेलइतकाच पळतो. प्लेस्टेशन ५ स्लिमचा आकार आणि वजन कमी झाले, साठवण ८२५ गिगाबाइटवरून एक टेराबाइट झाली आणि डिस्क ड्राइव्ह काढता-घालता येऊ लागला. हाच शेवटचा बदल सर्वांत उपयोगाचा आहे. २०२० च्या डिजिटल एडिशनला डिस्क ड्राइव्ह कधीच जोडता येत नाही. स्लिमच्या डिजिटल एडिशनला तो वेगळा विकत घेऊन जोडता येतो. जोडताना एकदा इंटरनेट लागते.

जुना साठा नव्याच्या नावाखाली गळ्यात पडू नये म्हणून खोक्यावरचा मॉडेल क्रमांक वाचावा. CFI-10, 11 किंवा 12 ने सुरू होणारा क्रमांक मूळ मोठ्या रूपाचा, CFI-20 ने सुरू होणारा स्लिमचा आणि CFI-70 ने सुरू होणारा प्रोचा.

गैरसमज : प्रो घेतला की सगळे गेम दुप्पट सुरळीत चालतात.

वस्तुस्थिती : प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये ग्राफिक्सची बाजू बरीच वाढवली आहे. सोनीच्या सांगण्यानुसार चित्र रेखाटण्याचा वेग सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त आहे. मुख्य प्रोसेसर मात्र जवळपास तोच आहे. एखादा गेम सेकंदाला ३० फ्रेमवर अडकला असेल, तर आधी तो कशामुळे अडकला ते पाहावे लागते. चित्रातले बारकावे आणि रिझोल्यूशन ग्राफिक्सला जड जात असेल, तर प्रो मदत करतो. पण गर्दीतल्या शेकडो पात्रांची हालचाल आणि वस्तूंची टक्कर मोजताना प्रोसेसर थकत असेल, तर प्रोवरही मोठा फरक पडत नाही. शिवाय घरचा टीव्ही फोरके नसेल, तर वाढलेल्या चित्राचा बराच भाग दिसतच नाही.

भारतातल्या ग्राहकाला आणखी एक अडचण आली. प्रोमधले वाय-फाय ७ सहा गिगाहर्ट्झचा पट्टा वापरते. त्या वेळी भारतात त्याला परवानगी नव्हती, म्हणून २०२४ मध्ये प्रो इथे अधिकृतपणे विक्रीला आला नाही. अशी वस्तू परदेशातून मागवली तर वॉरंटी मिळणार का, हे आधी विचारून घ्यावे.

गैरसमज : नवा कन्सोल घेतला की जुने गेम वाया जातात, किंवा सगळेच आपोआप चालतात.

वस्तुस्थिती : दोन्ही टोके चुकीची आहेत. सुरुवातीच्या काही प्लेस्टेशन ३ मध्ये प्लेस्टेशन २ च्या चिप बसवल्या होत्या, म्हणून जुन्या डिस्क चालत. खर्च वाचवण्यासाठी पुढे त्या काढल्या आणि सोय गेली. प्लेस्टेशन ३ चा सेल प्रोसेसर अगदी वेगळ्या रचनेचा होता, म्हणून त्याच्या डिस्क प्लेस्टेशन ४ वर चालत नाहीत. ४ आणि ५ या दोन्हींचे प्रोसेसर एकाच घराण्यातले असल्याने ४ चे मोजके अपवाद सोडता बाकी सगळे गेम ५ वर चालतात.

समजा, तुमच्याकडे प्लेस्टेशन ४ आहे आणि दहा-बारा डिस्क आहेत. त्या ५ वर खेळायच्या तर डिस्क ड्राइव्ह हवाच. ड्राइव्ह न जोडलेल्या डिजिटल एडिशनवर तीच डिस्क निरुपयोगी ठरते आणि तो गेम पुन्हा विकत घ्यावा लागतो. प्रोमध्येही ड्राइव्ह सोबत येत नाही. जुना कंट्रोलर ४ च्या गेमना चालतो, ५ च्या गेमना नाही. सेव्ह फाइल यूएसबीने किंवा दोन्ही कन्सोल एकाच नेटवर्कवर ठेवून नेता येतात; म्हणून त्या हलवून तपासल्याशिवाय जुना कन्सोल विकू नये. डिस्क घेऊन पुन्हा विकण्याची सवय असेल, तर ड्राइव्हवर घातलेले जादा पैसे काही गेममध्येच वसूल होतात.

गैरसमज : थांबले की किंमत उतरतेच.

वस्तुस्थिती : पूर्वी तसे होत असे. २०१३ मध्ये ३९९ डॉलरला आलेला प्लेस्टेशन ४ तीन वर्षांनी स्लिम रूपात २९९ डॉलरला मिळू लागला. प्लेस्टेशन ५ च्या बाबतीत उलट झाले. भारतात डिस्कवाले मॉडेल ४९,९९० रुपयांना आले आणि २०२२ च्या शेवटी ५४,९९० झाले. स्लिमही त्याच किमतीला आले. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये सगळ्या मॉडेलची किंमत ५० डॉलरने वाढली. सणासुदीची तात्पुरती सवलत मात्र खरी असते, आणि तिच्यासाठी काही आठवडे थांबणे योग्य आहे.

मग थांबायचे केव्हा?

कंपनीने तारीख जाहीर केली असेल आणि ती काही महिन्यांवर असेल, तर थांबावे. तेवढ्यात जुन्या मॉडेलवर सवलतही लागू शकते. तुम्हाला हवा असलेला गेम फक्त पुढच्या पिढीवरच येणार असे ठरले असेल, तरीही थांबावे. पिढीला सहा वर्षे उलटली असतील, घरचा कन्सोल अजून नीट चालत असेल आणि खेळायचे गेम हाताशी असतील, तर थांबण्यात नुकसान नाही.

नुसत्या अफवेवर मात्र थांबू नये. नवी पिढी आली तरी पहिली दोन वर्षे बहुतेक मोठे गेम दोन्हींवर येतात. २०२२ मध्ये आलेले 'ग्रॅन टुरिस्मो ७' आणि 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक' प्लेस्टेशन ४ वरही आले. त्यातच सुरुवातीला नवा कन्सोल हाती लागणे कठीण असते. भारतात प्लेस्टेशन ५ ची प्रत्येक खेप काही मिनिटांत संपत असे. घरी कन्सोलच नसेल आणि आवडीचे गेम आज उपलब्ध असतील, तर आज डिस्क ड्राइव्हचे मॉडेल घेणे हाच शहाणा सौदा आहे.