मोठी केलेली अक्षरं पुसट का होतात?

मॅकबुकला २७ इंची, २५६० × १४४० ठिपक्यांचा मॉनिटर जोडला आणि अक्षरं मोठी हवीत म्हणून १९२० × १०८० निवडलं, की मजकूर पुसट होतो. तीन ठिपक्यांचं चित्र चार ठिपक्यांवर ताणलं जातं, म्हणून काना काळा न राहता कडेला करडा पडतो.

हायडीपीआयमध्ये उलट घडतं. मॅक आधी ३८४० × २१६० चं, म्हणजे दुप्पट बारकाव्याचं चित्र रेखाटतो आणि मग ते लहान करून पडद्यावर बसवतो. अक्षरांचा आकार तोच, पण कडा कितीतरी नितळ. अशा मॉनिटरला मॅकओएस हा पर्याय सहसा दाखवत नाही. BetterDisplay हे ॲप तो मिळवून देतं. पडद्याचे ठिपके मात्र तेवढेच राहतात, त्यामुळे फोर-के मॉनिटरची धार येत नाही.