एका घरात दोन रस्से

रविवारी कोंबडी-वडे ठरलेले आणि कॉलेजातली लेक जाहीर करते, "आई, मी आजपासून मटण-मासे सोडले." बहुतेक घरांत मग तिच्यासाठी बटाट्याची भाजी टाकली जाते. चार रविवार बटाटा खाल्ला की मुलगी कंटाळते आणि दोन स्वयंपाक करून आई वैतागते.

मालवणी स्वयंपाकात याचं उत्तर आधीपासून आहे: काळ्या वाटाण्याचं सांबार. वडे तांदूळ-उडदाचे, ते सगळ्यांना चालतात. राहिला रस्सा. शनिवारी रात्री वाटीभर काळे वाटाणे भिजत घालावेत. सकाळी मीठ घालून कुकरला मऊ होईतो शिजवावेत. दाणा बोटांत सहज चेपला पाहिजे. आत कडक राहिला तर रस्सा कितीही उकळा, मिळून येत नाही. भाजलेलं खोबरं-कांदा, आलं-लसूण यांचं वाटण एकदाच करायचं, पण कोंबडीला लावण्याआधी त्यातला तिच्या वाट्याचा भाग वेगळा काढायचा. मग दोन पातेली, दोन पळ्या. मालवणी मसाला दोन्हींत तोच. जास्तीचं काम म्हणाल तर एक कुकर आणि एक फोडणी.

कोल्हापुरी पांढऱ्या रश्शाला मात्र ही युक्ती चालत नाही. त्याचा पायाच मटणाचा अळणी रस्सा असतो, त्यामुळे तो सुरुवातीपासूनच वेगळा करावा लागतो.

खरी गडबड आठवड्याच्या साध्या जेवणात होते. वांग्यात मूठभर सोडे, माशाच्या तळणीचं तेल फोडणीला, हे हाताच्या सवयीनं होऊन जातं. भाजी आधी सोड्यांशिवाय करावी, तिचा वाटा काढावा, आणि सोडे वेगळे परतून उरलेल्या भाजीत घालावेत.

पोषणाचं गणितही बघावं लागतं. शिजलेल्या 100 ग्रॅम चिकनमधून साधारण 25 ग्रॅम प्रथिनं मिळतात. कोरडे 50 ग्रॅम वाटाणे शिजवले तर त्याच्या निम्मीही जेमतेम. म्हणजे एका वाटी उसळीवर भागत नाही. त्याच दिवशी डाळ, दही किंवा पनीर, मूठभर शेंगदाणे हवेत. आठवड्यातून दोन दिवस मूग-मटकीची उसळ सगळ्या घरालाच करावी, म्हणजे तिचं ताट वेगळं पडत नाही. उसळीवर लिंबू पिळावं आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. कडधान्यातलं लोह त्यामुळे अंगी लागतं.

बी-12 मात्र कडधान्यातून मिळत नाही. दूध-दह्यातून थोडं मिळतं, आणि तेही सोडलं असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावीच लागते. यकृतात त्याचा साठा असतो, म्हणून कमतरता कधी कधी काही वर्षांनी दिसते. लेकीची तब्येत आज ठणठणीत असली तरी वर्षातून एकदा बी-12ची रक्त तपासणी करून घ्या.